लिंक्डइनवरची पोस्ट कोणाला दाखवायची हे ठरतं कसं? वेळ, लिंक आणि पीडीएफचा खरंच किती संबंध?

पंपवाली

मंडळी, मी औद्योगिक पंपांच्या देखभालीचं काम करते आणि त्यावर लिंक्डइनवर अधूनमधून लिहिते. फॉलोअर दोन हजारांच्या आसपास. मध्यंतरी एकाच विषयावर दोन पोस्ट टाकल्या. विषय कॅव्हिटेशनचा, म्हणजे सक्शनला दाब कमी पडला की पंपात बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि इम्पेलर हळूहळू कुरतडला जातो. पहिल्या पोस्टमध्ये चार ओळी आणि माझ्या सविस्तर लेखाची लिंक होती. दुसरी काही आठवड्यांनी टाकली, त्यात तोच मजकूर नऊ पानांच्या पीडीएफमध्ये, मोठ्या अक्षरांत, फोटोंसकट.

पहिली जेमतेम दोनशे लोकांपर्यंत गेली. दुसरी चौदाशेच्या पुढे. आता गंमत अशी की लिंकवाल्या पोस्टमुळे दोन कारखान्यांतून कामाची विचारणा झाली आणि पीडीएफवर लाइक ढीगभर, विचारणा एकही नाही.

ऑफिसमधले लोक म्हणतात वेळ चुकली, मंगळवारी सकाळी टाकायला हवी होती. मला जाणून घ्यायचंय की फीड नेमकं काय बघून ठरवतं. "सातत्य ठेवा" हा सल्ला कृपया नको, तो मुबलक मिळालाय.

वेळापत्रक

सगळा खेळ पहिल्या तासाचा आहे. पोस्ट आधी थोड्या लोकांना दाखवतात. तासाभरात प्रतिसाद आला तर पुढे ढकलतात, नाही आला तर पोस्ट मेली. म्हणून आपले वाचक ऑनलाइन असतात तेव्हाच टाकायची.

दुसरं म्हणजे लाइकच्या मागे लागू नका. एक कॉमेंट सत्तावीस लाइकच्या बरोबरीची धरली जाते, हे आकडे उघड झालेले आहेत. आणि लिंक कधीही पोस्टमध्ये द्यायची नाही, पहिल्या कॉमेंटमध्ये द्यायची. लिंक दिसली की फीड पोस्ट दाबतं.

निवांत

अगदी मनातला धागा! मलाही हाच त्रास आहे. फीड उघडलं की तीन-तीन आठवड्यांपूर्वीच्या पोस्ट वर येतात. एका परिषदेचं आमंत्रण मला परिषद होऊन गेल्यावर दिसलं. हे बंद कसं करायचं?

पंपवाली

निवांत, माझा प्रश्न उलट्या बाजूचा आहे हो. मी लिहिणारी, तुम्ही वाचणारे. पण वेळापत्रक म्हणतात तसं पोस्ट तासाभरात मरत असेल तर तुम्हाला तीन आठवड्यांची पोस्ट दिसते कशी? हा मलाही प्रश्न पडला.

मोजपट्टी

मी लिंक्डइनमध्ये काम केलेलं नाही. दुसरीकडे अशाच क्रमवारीच्या यंत्रणेवर काही वर्षं काढली आहेत. लिंक्डइनचे इंजिनिअर स्वतः बरंच लिहून प्रसिद्ध करतात, त्यामुळे काही गोष्टी अंदाजाने सांगाव्या लागत नाहीत.

आधी सत्तावीसचा हिशोब. तो आकडा लिंक्डइनचा नाहीच. 31 मार्च 2023 रोजी ट्विटरने आपल्या शिफारस यंत्रणेचा बराचसा कोड खुला केला. त्यात लाइकचं वजन 0.5 आणि रिप्लायचं 13.5 होतं. भागाकार केला की सत्तावीस येतात, आणि तेव्हापासून ते सत्तावीस प्रत्येक वेबिनारमध्ये, प्रत्येक साइटच्या नावाने फिरताहेत.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते वजन आलेल्या लाइकला किंवा कॉमेंटला लावत नाहीत. ते लावतात शक्यतेला. पोस्ट समोरच्याला दाखवण्याआधीच मॉडेल अंदाज करतं की हा माणूस लाइक करण्याची शक्यता इतकी, कॉमेंट करण्याची इतकी, थांबून वाचण्याची इतकी. प्रत्येक शक्यतेला तिच्या वजनाने गुणून बेरीज करतात आणि त्या बेरजेवर क्रम लागतो. रिप्लाय लाइकपेक्षा फार दुर्मिळ, म्हणून त्याची शक्यता नेहमीच बारीक. वजन मोठं ठेवलं नाही तर बेरजेत तो दिसणारच नाही. ट्विटरने तसं लिहूनच ठेवलं होतं की सुरुवातीला ही वजनं साधारण प्रत्येक कृतीचा वाटा सारखा पडावा अशा बेताने ठरवली होती. म्हणजे सत्तावीसपट वजन याचा अर्थ सत्तावीसपट मोल असा होत नाही.

लिंक्डइनची पद्धतही याच जातीची आहे. त्यांनी 2024 साली लायरँक नावाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात फीडचं मॉडेल लाइक, कॉमेंट, शेअर, क्लिक, जास्त वेळ थांबणं अशा अनेक शक्यता वेगवेगळ्या वर्तवतं आणि मग त्या एकत्र करतं असं वर्णन आहे. प्रत्यक्ष वजनं मात्र त्यांनी दिलेली नाहीत.

पंपवालींच्या पोस्टवर करून बघू. आकडे मी केवळ समजावण्यापुरते घेतोय. लाइकचं वजन 1, कॉमेंटचं 10, थांबून वाचण्याचं 3 धरा. एक वाचक कारखान्याचा देखभाल प्रमुख, याआधी पंपांवरच्या पोस्ट वाचलेला. त्याच्यासाठी लाइकची शक्यता शंभरात 4, कॉमेंटची 1, थांबून वाचण्याची 20. बेरीज 0.04 अधिक 0.10 अधिक 0.60, म्हणजे 0.74. दुसरी वाचक पंपवालींची कॉलेजची मैत्रीण, एचआरमध्ये. मैत्रीखातर लाइकची शक्यता 6, कॉमेंटची अर्धा, वाचण्याची 3. बेरीज 0.06 अधिक 0.05 अधिक 0.09, म्हणजे 0.20.

पोस्ट एकच, गुण दोन. पोस्टला स्वतःचा असा एक गुण नसतो, प्रत्येक वाचकागणिक तो निराळा असतो. आणि तेवढ्यावरही भागत नाही. देखभाल प्रमुखाच्या फीडमध्ये 0.74 च्या वर दहा पोस्ट असतील तर ही अकरावी. तो वीस पोस्ट सरकवत असेल तर त्याला दिसली. त्याच्या ओळखीत रोज लिहिणारे खूप असतील तर हीच पोस्ट चाळिसावी जाईल आणि दिसणार नाही, पंपवालींनी एक अक्षरही इकडचं तिकडे केलेलं नसताना. रीच म्हणजे अशा हजारो छोट्या शर्यतींच्या निकालांची बेरीज. म्हणून "माझी पोस्ट दाबली" हे वाक्य बहुतेक वेळा चुकीचं असतं. ती दुसऱ्यांच्या पोस्टपुढे मागे पडलेली असते.

शंकासुर

लिहिलंय छान. पण कंपनीने स्वतः प्रसिद्ध केलेल्या निबंधावर विसंबायचं का? त्यात जे सांगायचं तेवढंच सांगणार. आणि "थांबून वाचणं" मोजतात हे कशावरून? कोणी फोन टेबलावर ठेवून चहा प्यायला गेला तर?

मोजपट्टी

शंका रास्त आहे. वजनं, नियम, एखाद्या प्रकाराला दिलेला हात, यातलं काहीही ते न सांगता बदलू शकतात. मी फक्त आराखडा खरा मानतो, कारण सगळ्या मोठ्या फीडचा आराखडा थोड्याफार फरकाने तोच असतो.

थांबण्याच्या वेळेबद्दल त्यांनी मे 2020 मध्ये लिहिलं होतं. पोस्टचा निम्मा भाग पडद्यावर आला की घड्याळ सुरू होतं. क्लिक करून आत गेल्यावरचा वेळ वेगळा मोजतात. हे का लागलं, तर लाइक-कॉमेंट करणारे लोक थोडे, आणि नुसते वाचून पुढे जाणारे पुष्कळ. क्लिकवर भरवसा ठेवावा तर लोक क्लिक करून दोन सेकंदांत परत येतात. तेव्हा त्यांनी उलटा प्रश्न मॉडेलला शिकवला, की हा माणूस ही पोस्ट न थांबता ओलांडून जाईल याची शक्यता किती? ती जास्त असेल तर पोस्ट खाली.

चहाला गेलेला माणूस मोजणीत खोट आणतोच. म्हणून नुसते सेकंद मोजत नाहीत. एका ठरावीक हद्दीपेक्षा जास्त थांबला की नाही, एवढंच हो किंवा नाही धरतात. दोन मिनिटं काय आणि वीस मिनिटं काय, उत्तर "हो" हेच.

वेळापत्रक

ठीक, सत्तावीसचं मान्य. पण मग पीडीएफ चालते ती याचमुळे ना? नऊ पानं सरकवायला वेळ लागतोच. वेळ वाढला, गुण वाढले. म्हणून सगळे पीडीएफ टाकतात. म्हणजे मी म्हणतो तसंच, प्रकार निवडण्यात अर्धी लढाई.

मोजपट्टी

इथेच खरी मेख आहे, आणि पंपवालींच्या प्रश्नाचं निम्मं उत्तरही.

समजा हद्द सगळ्यांना सारखी ठेवली, दहा सेकंद. मग व्हिडिओ आणि लांब लेख आपोआप जिंकतील आणि दोन ओळींची नेमकी पोस्ट कायम हरेल. मोबाइलवरच्या सवयी संगणकापेक्षा वेगळ्या. फीडमध्ये अगदी वर असलेल्या पोस्टवर माणूस तसाही जरा जास्त थांबतो. लायरँकच्या निबंधात हीच अडचण मांडली आहे आणि तिच्यावरचा उपायही. पोस्टचा प्रकार, फीडमधली तिची जागा आणि मोबाइल की संगणक यांनुसार गट पाडायचे आणि प्रत्येक गटाची हद्द त्या गटाच्या सवयीवरून काढायची. उदाहरण म्हणून त्यांनी नव्वदावं शतमान दिलंय. म्हणजे त्या गटातल्या नव्वद टक्के वेळांपेक्षा जास्त थांबलात तरच "जास्त वेळ थांबला" असं धरायचं. या हद्दी रोज नव्याने काढतात.

म्हणजे पीडीएफची तुलना पीडीएफशीच. लोक सर्वसाधारणपणे पीडीएफवर जितका वेळ घालवतात त्याहून बराच जास्त तुमच्या पीडीएफवर घालवला तर फायदा. नऊ पानं आहेत म्हणून नाही. वाचक दुसऱ्या पानावरून परतत असतील तर लांब पीडीएफ तिच्या गटात मागेच राहील. तसंच चार वाक्यांची पोस्ट, जी वाचून माणूस थबकतो आणि पुन्हा पहिल्या ओळीवर जातो, ती आपल्या गटात पुढे येऊ शकते.

मग पंपवालींची पीडीएफ चौदाशेवर का गेली? माझा अंदाज असा की ती लाइक करायला सोपी होती. फोटो, मोठी अक्षरं, विषय पंपांत नसलेल्यालाही समजेल असा. त्यामुळे कॉलेजच्या मैत्रिणीसारख्या वाचकांच्या गुणांत भर पडली, आणि असे वाचक देखभाल प्रमुखांपेक्षा संख्येने कितीतरी जास्त असतात. शिवाय एखाद्याने लाइक केलं की "अमुक यांना आवडलं" म्हणून ती पोस्ट त्याच्या ओळखीच्यांच्या शर्यतीतही उतरते. मैत्रिणीच्या ओळखीचे कोण? एचआरवाले.

कात्री

मी अशा पीडीएफ पोटासाठी बनवते, म्हणून थोडं माझ्या बाजूने. लिंक्डइन तीनशे पानांपर्यंत पीडीएफ घेतं, पण ती मर्यादा ध्येय समजू नये. पहिलं पान म्हणजे शीर्षक आणि कंपनीचा लोगो, असं नव्वद टक्के ग्राहक मागतात, आणि ते पान वाया जातं. पंपवालींच्या बाबतीत पहिल्या पानावर कुरतडलेल्या इम्पेलरचा जवळून काढलेला फोटो आणि एकच वाक्य असायला हवं, "हा गंज नाही." ज्याने असा इम्पेलर हातात धरलाय तो थांबेल, बाकीचे पुढे जातील. मोजपट्टींचं ऐकून वाटतं की बाकीचे पुढे गेलेलेच बरे?

मोबाइलवर वाचता येत नाही असं तक्त्याचं पान घालू नका. लोक ते मोठं करून बघत नाहीत, सोडून देतात.

आणि पीडीएफसोबतचा मजकूर विसरू नका. साधारण तीन ओळींनंतर तो मुडपला जातो आणि पुढचं बघायला दाबावं लागतं. पहिल्या तीन ओळी "आज मी तुमच्याशी एका महत्त्वाच्या विषयावर बोलणार आहे" यात घालवू नका. पुढचं बघायला दाबलं की ते क्लिक म्हणून मोजतात, पान सरकवलं तरी मोजतात, असं आमच्या धंद्यात सगळे म्हणतात. खात्रीने सांगणारा मला कोणी भेटलेला नाही.

शंकासुर

म्हणजे परत अंदाजच. बरं, लिंकचं काय? कंपनी म्हणते आम्ही लिंकला शिक्षा करत नाही. लिहिणारे म्हणतात करतात. खोटं कोण बोलतंय?

मोजपट्टी

दोघंही खरं बोलत असू शकतात. वरच्याच काल्पनिक आकड्यांत देखभाल प्रमुखासाठी लिंकवाली पोस्ट मांडा. ती चार ओळींची आहे, तेव्हा फीडवर थांबण्याची शक्यता समजा 8. लिंक उघडून तो दुसऱ्या साइटवर गेला की परत येऊन लाइक करायचं राहून जातं, ती शक्यता 2. कॉमेंट 0.3. उलट क्लिकची शक्यता 6, तिचं वजन दीड धरा. बेरीज 0.02, 0.03, 0.24 आणि 0.09, म्हणजे 0.38. आधीच्या 0.74 च्या जवळपास निम्मी. इथे शिक्षेचा एकही नियम नाही, तरी पोस्ट अकराव्या जागेवरून तिसाव्या जागेवर जाईल. लिहिणाऱ्याला बाहेरून ही शिक्षाच वाटणार.

त्यावर वेगळा दंडही लावत असतील का? बाहेरून सांगता येत नाही. पहिल्या कॉमेंटमध्ये लिंक देण्याच्या युक्तीचंही तसंच. पोस्टचा रीच वाढला तरी कॉमेंट उघडून लिंकपर्यंत पोचणारे किती, हे बघायला हवं. लेखाची वाचकसंख्या हवी असेल तर रीचच्या आकड्यावर समाधान मानू नका, लेखाच्या साइटवरचे आकडे बघा.

वेळापत्रक

आणि वेळ? ती तरी माझी राहू द्या.

मोजपट्टी

वेळेला महत्त्व आहे, पण वेगळ्या कारणाने. नवेपणा हा गुणांत एक घटक असतोच. पोस्ट टाकल्यावर ज्यांनी फीड उघडलं त्यांच्या शर्यतीत ती ताजी म्हणून उतरते. त्यांनी काय केलं, थांबले की ओलांडून गेले, हे पुढच्या वाचकांचा अंदाज करताना वापरलं जातं. त्यामुळे किती वाजता टाकली यापेक्षा त्या वेळी फीडवर कोण होतं हे बघा. कारखान्याचा देखभाल प्रमुख पाळी बदलल्यावर किंवा जेवणाच्या सुट्टीत फोन बघत असेल. सकाळी नऊला बैठकीआधी फीड चाळणारे लोक वेगळे. मंगळवारी सकाळी टाकलेल्या पोस्टला पहिले पन्नास वाचक विषयाशी संबंध नसलेले मिळाले आणि ते न थांबता निघून गेले, तर मंगळवारने तुमचं नुकसानच केलं. शिवाय सगळ्यांनीच तो सल्ला वाचलेला असल्यामुळे त्या वेळी शर्यतीत गर्दीही जास्त.

निवांत, तुमचं उत्तर यातच आहे. नवेपणा हा एक घटक आहे, एकमेव नाही. तुम्हाला ती पोस्ट आवडेल असा अंदाज भक्कम असेल तर जुनी असूनही ती वर येते, विशेषतः तुम्ही फीड क्वचित उघडत असाल तर. आमंत्रणासारख्या तारीख असलेल्या पोस्टसाठी हे वाईटच. सेटिंगमध्ये फीडची पसंती बदलून "सर्वांत अलीकडच्या पोस्ट" निवडा, फरक पडेल.

निवांत

केलं. आता सगळं ताजं आहे आणि निम्मं निरुपयोगी आहे. दोन्हीकडून मार. पण आमंत्रणं वेळेवर दिसतील, एवढं चालेल.

भरतीओहोटी

मी भरतीच्या कामात आहे, अनुभव सांगते, कोणाला उपयोग झाला तर. दोन वर्षांपूर्वी पोल टाकले की हजारो लोक यायचे. "मुलाखतीला उशीर झाला तर कळवावं का? हो किंवा नाही." मग ओहोटी लागली. त्यानंतर आम्ही काही भरतीवाल्यांनी ग्रुप केला, कोणी पोस्ट टाकली की बाकीच्यांनी पंधरा मिनिटांत कॉमेंट करायची. आकडे पुन्हा वर गेले. पण जागा भरायला उमेदवार मिळेनात! वेल्डिंग इन्स्पेक्टर हवा म्हणून लिहिलं तर खाली कॉमेंट सगळ्या "उत्तम संधी!" आणि त्या लिहिणारे सगळे भरतीवाले. इन्स्पेक्टर एकही नाही. हे असं का होतं?

मोजपट्टी

पोलची ओहोटी आधीच सुरू झालेली होती. मे 2022 मध्ये लिंक्डइनने जाहीर केलं होतं की फीडमध्ये पोल कमी दाखवू, आणि लाइक-कॉमेंट मागण्यासाठीच लिहिलेल्या पोस्टना पुढे नेणार नाही. लोकांचीच तक्रार होती.

ग्रुपचं नुकसान अधिक खोल आहे. तुमच्या पोस्टवर कोण थांबतं, हे मॉडेल प्रत्येक पोस्टमधून शिकतं. महिनोन् महिने फक्त भरतीवाले धावून येत असतील तर त्याचा निष्कर्ष एकच, की या बाईंचं लिखाण भरतीवाल्यांना आवडतं. मग वेल्डिंग इन्स्पेक्टरसाठीचा अंदाज खाली आणि भरतीवाल्यांसाठीचा वर. आकडा वाढतो तो नेमका चुकीच्या लोकांत. शिवाय एकमेकांच्या पोस्टला लाइक किंवा शेअर करायचं आधी ठरवून घेऊ नका, असं त्यांच्या नियमावलीतच आहे, तो धोका वेगळा.

हे ओळखायची सोय तुमच्याकडे आहे. पोस्टच्या विश्लेषणात वाचकांची विभागणी दिसते, हुद्दा, उद्योग, ज्येष्ठता, कंपनीचा आकार. इंप्रेशनच्या आकड्याआधी ती बघत जा. एकाच माणसाला पोस्ट तीनदा दिसली तर इंप्रेशन तीन, पोचलेला सदस्य एकच, हेही लक्षात असू द्या.

भरतीओहोटी

बघितलं. सर्वांत वरचा हुद्दा "टॅलेंट अ‍ॅक्विझिशन स्पेशालिस्ट". काय बोलणार! ग्रुप सोडला तर सुधारायला किती दिवस लागतात?

मोजपट्टी

दिवस सांगणारा कोणी भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मॉडेल अलीकडच्या वागण्याला जास्त मोल देतं एवढं नक्की. इन्स्पेक्टर ओळखीत जोडा, त्यांच्या कामातला एखादा खरा प्रश्न मांडा, उदाहरणार्थ अमुक प्रमाणपत्र चालेल का, आणि उत्तर देणाऱ्याला उलट उत्तर द्या. सुरुवातीला आकडा पडेल. तो पडलेला बघवत नाही म्हणूनच लोक ग्रुपमध्ये परत जातात.

पंपवाली

मीही दोन्ही पोस्टची विभागणी काढली. पीडीएफ बघणाऱ्यांत सर्वांत वर विद्यार्थी, मग एचआर, मग विक्रीवाले. लिंकवाल्या पोस्टमध्ये लोक थोडे, पण वर देखभाल आणि प्लांट विभागातले वरिष्ठ. म्हणजे मोजपट्टींचा अंदाज बराचसा जुळला.

आता असं ठरवतेय. पुढची पोस्ट लिंकशिवाय, मजकुराची. तीन हजार अक्षरांची मर्यादा आहे, त्यात एक पूर्ण प्रसंग बसतो. सक्शनचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद होता, आवाज खडी दळल्यासारखा येत होता, आणि सगळे बेअरिंग बदलत बसले होते, हा प्रसंग. सुरुवात त्या आवाजापासून. व्याख्या नाही. लेखाची लिंक कोणी मागितली तर उत्तरात देईन. यात काही घोटाळा दिसतोय का?

कात्री

आवाजाचा व्हिडिओ आहे का? दहा सेकंदांचा असला तरी लावा. मजकूर तसाच ठेवा.

मोजपट्टी

घोटाळा नाही. फक्त कॉमेंट आल्या तर उत्तरं त्याच दिवशी द्या. 2018 मध्ये लिंक्डइनने लिहिलं होतं की फीडमधलं बहुतेक लक्ष थोड्याच मोठ्या नावांकडे जात होतं आणि छोट्या लिहिणाऱ्यांना काहीच प्रतिसाद मिळेनासा झाला होता. तेव्हा त्यांनी गुणांत आणखी एक भाग घातला, की या वाचकाने प्रतिसाद दिला तर लिहिणाऱ्याला त्याचं किती मोल आहे. तुमच्यासारख्या कमी पोस्ट टाकणाऱ्याला त्याचा फायदा मिळायला हवा. ती रचना आज तशीच आहे की बदलली, हे मात्र बाहेरून दिसत नाही.

आणि कात्रींच्या व्हिडिओबद्दल एक. व्हिडिओ लावलात की तुलना व्हिडिओंशी होईल. तिथे दहा सेकंदांत संपणारा व्हिडिओ मागे पडतो की मजकुरामुळे तरतो, मला सांगता येणार नाही.

कात्री

पण तो आवाज ऐकून देखभालवाला थांबणारच, तुमचा गट कोणताही असो.

वेळापत्रक

एक राहिलं. टाकल्यानंतर पहिल्या तासात पोस्ट संपादित करायची नाही, रीच कापतात. हे तरी खरं ना?

शंकासुर

याला आधार काय? मी शुद्धलेखन दुरुस्त करायला दर वेळी संपादित करतो. कधी पोस्ट चालते, कधी नाही. न करताही तसंच होतं.

वेळापत्रक

तुमची पोस्ट चालली नाही ती त्यामुळेच असेल की.

शंकासुर

आणि चालली ती कशामुळे?

मोजपट्टी

दोघांनाही एका खात्यावर हे तपासता येणार नाही. दोन पोस्टचा विषय वेगळा, दिवस वेगळा, त्या दिवशी शर्यतीतल्या इतरांच्या पोस्ट वेगळ्या. संपादनाचा परिणाम त्यातून सुटा काढायचा तर त्याच क्षणी तीच पोस्ट दोन सारख्या वाचकगटांना दाखवावी लागेल, आणि ते फक्त लिंक्डइन करू शकतं. शुद्धलेखन चुकलं असेल तर दुरुस्त करा.

पंपवाली

व्हिडिओ आहे, फोनवर काढलेला. मजकुरासोबत लावते. टाकणार गुरुवारी, दुपारची पाळी बदलते तेव्हा. वेळापत्रक, मंगळवार तुम्हाला ठेवला.